तीन गट, एक गाणं : पडसाद जमतो, पण शेवटची ओळ एकत्र येत नाही

ऊर्मी_यवतमाळ (गुरुवार, रात्री ९:१२)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पाचवी ते सातवीला शिकवते. २६ जानेवारीला लेकरांचं समूहगान आहे. मुलं ४२, तीन वर्गांचे तीन गट. गाणं पेरणीवरचं, मीच लिहिलेलं :

काळी माती भिजली सारी
पाणी आले नदीकिनारी
तिफन चालली शेतामधुनी
दाणा दाणा मुठीत धरुनी
पेरत जाऊ, पेरत जाऊ

ताल केरवा. प्रत्येक ओळ १६ मात्रांची, म्हणजे दोन आवर्तनं. लय अशी की एका आवर्तनाला चार सेकंद लागतात.

मी केलेली वाटणी अशी. सातवीने गाणं सुरू करायचं. त्यांची एक ओळ झाली की सहावीने पहिल्यापासून सुरू करायचं, आणि सहावीची एक ओळ झाली की पाचवीने. सगळ्यांनी चारही ओळी म्हणायच्या आणि "पेरत जाऊ" मात्र सगळ्यांनी मिळून. पाचवीच्या मुलांना मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला झेंड्याजवळ उभं केलं, आवाज लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून.

काल पहिल्यांदा सगळं एकत्र घेतलं. मधे नुसता गलका झाला. सातवीची मुलं आपलं संपवून उभी राहिली, मग बोलायला लागली आणि शेवटची ओळ तीन तुकड्यांत आली. अडीच आठवडे हाताशी आहेत. गाणं टाकायचं नाही. वाटणी कशी बदलू?

खंजिरीवाला (गुरुवार, रात्री ९:४०)

ताई, आमच्या भजनात हे रोजच होते. बुवा ओळ म्हनते, मागचे झील धरतेत. समोरासमोर दोन रांगा बसवा, एका रांगेनं म्हनाचं, दुसरीनं तेच उचलाचं. आमचे पन्नास मानसं बसतेत, एकही चुकत नाही. तुमचे लेकरं काहून चुकतेत मंग? रोज अर्धा घंटा बसवा, जमते.

भोंगेवाला पुसद (गुरुवार, रात्री १०:०५)

मॅडम, एकोसाठी मुलं लांब उभी करायची गरज नाही. मिक्सरवर एकोचं बटण असते. ते अर्ध्यावर ठेवा, रिपीट कमी ठेवा, लांबून आल्यासारखा आवाज येते. आमच्याकडे पूर्ण सेट आहे, शाळेच्या कार्यक्रमाला कमी भाड्यात देतो.

काळी चार (शुक्रवार, सकाळी ६:५०)

ऊर्मीताई, मी वर्ध्याकडे शाळांमध्ये बरीच वर्षं समूहगान बसवलं आहे, आता निवृत्त आहे. तुमची वाटणी कागदावर आवर्तनांत मांडून पाहिली, दोष लगेच दिसतो.

सातवी १ ते ८ आवर्तनं गाते. सहावी ३ ते १०, पाचवी ५ ते १२. म्हणजे ५ ते ८ या चार आवर्तनांत तिन्ही गट तीन वेगळ्या ओळी म्हणत आहेत. ऐकणाऱ्याच्या कानावर एका वेळी तीन निराळी वाक्यं पडतात, तो एकही धरू शकत नाही. तुमचा गलका तिथेच आहे. आणि सातवीचं आठव्याला संपलं, पाचवीचं बाराव्याला. मधली चार आवर्तनं, म्हणजे १६ सेकंद, सातवीला काहीच काम नाही. १६ सेकंद रिकामं उभं राहून तेराव्या आवर्तनाची सम नेमकी पकडायची, हे मोठ्या गायकालाही अवघड जातं. मुलांचा सराव कमी पडला असं यात कुठेच नाही.

अशी वाटणी नेहमी शेवटाकडून उलटी मांडायची. आधी "पेरत"च्या "पे"ची सम पक्की करा. तिच्या आधी प्रत्येक गट कधी मोकळा होतो ते लिहा. दोन आवर्तनांपेक्षा जास्त वेळ मोकळा राहणारा गट दिसला, तर त्याला काम द्या किंवा त्याची ओळ मागे सरकवा.

दुसरी गोष्ट पडसादाची. पडसाद म्हणजे पूर्ण ओळ पुन्हा म्हणणं नव्हे. डोंगराकडे तोंड करून हाक मारली तर शेपूटच परत येतं. "काळी माती भिजली सारी" झालं की दुसऱ्या गटाने फक्त "भिजली सारी" म्हणायचं, हळू आवाजात, एक आवर्तन. पहिल्या गटाने त्या वेळी गप्प राहून श्वास घ्यायचा. खंजिरीवाल्या भाऊंचं बुवांबद्दलचं म्हणणं इथे लागू पडतं. झील चालू असताना बुवांना श्वास मिळतो, म्हणून ते रात्रभर गाऊ शकतात. पण भाऊ, तुमच्याकडे बुवा थांबतात आणि मग झील उचलते. एकाची ओळ चालू असताना दुसऱ्याने वेगळी ओळ धरायची, हा प्रकार तिथे नसतो. ताईंचा प्रश्न त्याचा आहे.

मी अशी वाटणी करीन. आकडे आवर्तनांचे आहेत. वर्ग विसरा, गट पहिला, दुसरा, तिसरा म्हणू.

१-२ : पहिला, काळी माती भिजली सारी
३ : दुसरा, हळू, भिजली सारी
४-५ : तिसरा, पाणी आले नदीकिनारी
६ : दुसरा, हळू, नदीकिनारी
७-८ : पहिला, तिफन चालली शेतामधुनी
८-९ : दुसरा, दाणा दाणा मुठीत धरुनी
९-१० : तिसरा, दाणा दाणा मुठीत धरुनी
११ : सगळे गप्प, फक्त खंजिरी
१२-१३ : सगळे, पेरत जाऊ, पेरत जाऊ

आठव्या आणि नवव्या आवर्तनात ओळी एकमेकींवर चढतात, बाकी सगळं मोकळं आहे.

आणि ते मिक्सरचं बटण पूर्ण बंद ठेवा. यंत्राचा एको त्याच्या वेळेला परत येतो, त्याला तुमच्या मात्रा ठाऊक नसतात. मुलांच्या पडसादावर यंत्राचा पडसाद चढला की अक्षरं पुसली जातात.

अंजोर (शुक्रवार, सकाळी ८:२०)

काका, मांडणी आवडली. पण "सारी" एवढाच शब्द मागून का नाही? छोटा पडसाद जास्त खरा वाटेल ना?

काळी चार (शुक्रवार, सकाळी ८:४५)

दोन कारणं आहेत. "सारी" चार मात्रांत संपतं, पुढच्या चार मात्रा रिकाम्या राहतात आणि तिसरा गट तिथेच घाईने घुसतो. दुसरं कारण अर्थाचं. नुसतं "सारी" मागून आलं की ऐकणाऱ्याला इंग्रजीतलं सॉरी ऐकू येतं, आणि मुलंही हसतात. "किनारी" एकटं आलं तर लुगड्याची किनार आठवते. तोडलेला तुकडा एकटा उभा राहिला तरी त्याचा अर्थ ओळीतलाच राहिला पाहिजे. "भिजली सारी" आणि "नदीकिनारी" दोन्ही तसे आहेत.

दिग्रसकर (शुक्रवार, दुपारी १:१५)

तिन्ही गट १४-१४ चे आहेत ना? मग आवाज आपोआप सारखा राहील. समान संख्या महत्त्वाची, कोणत्याच गटाला कमीजास्त करू नका, नाहीतर पालकांची तक्रार येते.

काळी चार (शुक्रवार, दुपारी ३:३०)

पालकांचं बरोबर आहे, आवाजाचं नाही. सातवीची १४ मुलं आणि पाचवीची १४ मुलं यांच्या आवाजात फार फरक पडतो. शिवाय सातवीतल्या एकदोन मुलांचा आवाज फुटायला लागलेला असतो, ती नकळत खालच्या सप्तकात जातात आणि गटाचा सूर जाड होतो. गट वर्गावरून पाडू नका. प्रत्येक मुलाकडून एक ओळ म्हणवून घ्या आणि मोठे, मधले, बारीक आवाज तिन्ही गटांत वाटून टाका. फुटलेल्या आवाजाच्या मुलांना तिसऱ्या गटात घ्या, त्यांना हळू गावं लागत नाही. पडसाद देणाऱ्या दुसऱ्या गटात थोडी कमी मुलं असली तरी चालतं. दहा मुलांचा हळू आवाज आपोआप लांबचा वाटतो, त्यासाठी झेंड्यापर्यंत जावं लागत नाही.

ऊर्मी_यवतमाळ (शुक्रवार, रात्री ८:५५)

काका, खूप खूप आभार. आजच नवीन गट पाडले. एक विचारायचं राहिलं. झेंड्याजवळ उभं करण्यात काय चुकलं? अंतर माझ्या पावलांनी चाळीस भरलं, ३० मीटर धरा. तिथून आवाज खरंच सुंदर येत होता, म्हणून मोह सुटत नाही.

अंजोर (शुक्रवार, रात्री ९:३०)

हे मी सांगते, भौतिकशास्त्र शिकवते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३० मीटरला सेकंदाचा अकरावा भाग लागतो, ०.०९ म्हणा. झेंड्याजवळची मुलं स्टेजवरचं ऐकून गातात, म्हणजे तिथेच ०.०९ उशीर झाला. त्यांचा आवाज स्टेजजवळ बसलेल्या पालकांपर्यंत यायला आणखी ०.०९. एकूण ०.१८ सेकंद. तुमचं आवर्तन चार सेकंदांचं, म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची. मुलं अगदी अचूक गायली तरी पालकांना ती एक तृतीयांश मात्रेने मागे ऐकू येणार.

पडसादाच्या ओळीत हे खपून जातं, उलट छान वाटतं. शेवटच्या एकत्र ओळीत खपत नाही. सगळ्यांचा "पे" एकदम यायला हवा आणि एक गट तेवढा मागून येतो. ही उणीव सरावाने जाणार नाही, कारण चूक मुलांची नाहीच. त्यांनी कानाऐवजी तुमच्या हाताकडे पाहून गायलं तर पहिला ०.०९ वाचतो, दुसरा राहतोच. तिन्ही गट दहा मीटरांच्या आत ठेवा.

आणि काका, तुमच्या वाटणीत मला एक खटकतंय. आठव्या आवर्तनात पहिला गट "शेतामधुनी" म्हणतो आणि त्याच वेळी दुसरा "दाणा दाणा". दोन्ही शब्द ऐकणाऱ्याला तोवर नवे आहेत. मग दोन्हीपैकी एक हरवणारच ना?

काळी चार (शनिवार, सकाळी ७:००)

अंजोर, बरोबर पकडलंत. नवीन शब्द एकट्याने यावा आणि त्याच्यावर चढणारा शब्द ऐकणाऱ्याने आधी ऐकलेला असावा, हा नियम मी मुलांना शिकवत आलो आणि इथे मीच मोडला. सुधारतो.

७-८ : पहिला, तिफन चालली शेतामधुनी (एकटा)
९ : दुसरा, दाणा दाणा (एकटा)
१० : दुसरा, मुठीत धरुनी; त्यावर तिसरा, दाणा दाणा
११ : तिसरा, मुठीत धरुनी, त्यावर पहिला, दाणा दाणा
१२ : पहिला, मुठीत धरुनी (एकटा)
१३ : खंजिरी
१४-१५ : सगळे, पेरत जाऊ, पेरत जाऊ

आता वर चढतो तो शब्द दर वेळी "दाणा दाणा"च आहे आणि तो नवव्यात स्वच्छ ऐकू आलेला आहे. "मुठीत धरुनी" दोनदा झाकलं जातं, पण बाराव्यात मोकळं येतं. पंधरा आवर्तनं, बरोबर एक मिनिट.

सुराचंही पाहा. तुमची चाल मला ठाऊक नाही, पण दहाव्या आणि अकराव्यात दोन गट एकाच वेळी वेगळे सूर लावतात. एकाचा "नी" सा वर थांबलेला असताना दुसऱ्याचा "दाणा" रे वर आला तर सूर एकमेकांना घासतात आणि मुलं गोंधळून दुसऱ्याच्या सुरावर जातात. "दाणा दाणा" फक्त सा आणि प वर बांधा : दाणा सा, दाणा प. पेटीवर दोन्ही ओळी दोन हातांनी एकत्र वाजवून बघा, कुठे घासतं ते बोटांनाच कळेल.

नीट जमलं की नाही हे ओळखायला एक माणूस लागतो. गाणं न ऐकलेल्या कुणाला तरी मागे बसवा, हातात कागद देऊ नका, आणि संपल्यावर काय काय ऐकू आलं ते विचारा. आपल्याला शब्द पाठ असतात, त्यामुळे आपले कान हरवलेलं अक्षर भरून घेतात.

खंजिरीवाला (शनिवार, दुपारी १२:१०)

मी घाईत लिवलं होतं ताई, काकांचं पटलं. तेराव्यात खंजिरी कोन वाजवते? तीन थापा मारा, तिसरी थाप समेवर पडली पायजे. तिसऱ्या मात्रेला एक, सहाव्याला एक, अन् तिसरी "पे"वर. लेकराइले मोजा लागत नाही, थापच ओढून आनते. आमच्या गावात भजन संपवताना असंच करतेत.

ऊर्मी_यवतमाळ (मंगळवार, रात्री ९:२०)

तीन दिवस सराव झाला, सांगते.

सगळे गट पायऱ्यांवर जवळ आणले. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मागे बसवलं, त्यांनी गाणं ऐकलेलं नव्हतं. आधी मुद्दाम माझी जुनी वाटणी ऐकवली. त्यांना "काळी माती" आणि "पेरत" एवढंच कळलं, मधलं काही सांगता आलं नाही. मग काकांची दुसरी वाटणी ऐकवली. त्यांनी चारही ओळींचं सांगितलं आणि वर विचारलं, "तिफन हाकते कोन, मानूस की बाई?" माझ्या गाण्यात ते खरंच नाही. तिफनीमागे सरत्यातून दाणा सोडणारी बाईच असते आमच्याकडे. मला ती ओळ बदलावीशी वाटतेय, पण ते नंतर.

"दाणा" सा आणि प वर बांधल्यावर दहाव्या-अकराव्यातली ओढाताण गेली. पेटी काळी चारला धरली आहे, वरच्या सा पर्यंत मुलं ओरडल्याशिवाय जातात.

पडसादाचा गट छोट्यांचा केला, दहा जण. आधी ती हिरमुसली होती, आपल्याला अर्धी अर्धीच ओळ असं म्हणत होती. पण नवव्यात "दाणा दाणा" एकट्यांना मिळालं तेव्हा खूश झाली. मात्र ती दहाव्याला मोकळी होतात आणि पुढे तीन आवर्तनं, १२ सेकंद, रिकामी. म्हणून त्यांना अकराव्या आणि बाराव्या समेला टाळी दिली. त्यामुळे त्यांचं मोजणं सुटत नाही.

अडतंय ते तेराव्यात. भाऊंनी सांगितल्या तशा थापा तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेला दिल्या. पहिला आणि दुसरा गट नीट येतो. तिसरा गट मात्र बरेचदा सहाव्या मात्रेच्या थापेवरच "पेरत" म्हणतो. दहापैकी सहा वेळा असं झालं.

काळी चार (मंगळवार, रात्री १०:००)

तिसरा गट अकराव्याला मोकळा होतो आणि बाराव्यात त्याच्याकडे काही नाही. ते आवर्तन त्याच्या मोजणीत नाही, म्हणून तो थापेची वाट पाहतो आणि दुसरी थाप त्याला खूण वाटते. त्यांनाही बाराव्या समेला टाळी द्या. आणि तेराव्याच्या सातव्या मात्रेला तुमचा हात वर जाऊ द्या, आठवीला सगळ्यांनी श्वास घ्यायचा. "प" साठी ओठ मिटतात, तो श्वास डोळ्यांना दिसला पाहिजे. ४२ "प" वेगवेगळे फुटले तर सरी कोसळल्यासारखं ऐकू येतं. शेवट मात्र तुमच्या शब्दाने सोपा केलाय, "जाऊ" स्वरावर संपतं. ओळ "बीज" वर संपली असती तर तो "ज" आवरणं आणखी कठीण गेलं असतं.

दिग्रसकर (मंगळवार, रात्री १०:२५)

"पेरत" आधी सगळ्यांना एक शब्द द्या ना, "चला". म्हणजे तेराव्याच्या शेवटच्या चार मात्रांत "चला" आणि समेला "पेरत". आवाजाने आवाज धरला जातो, हाताकडे पाहावं लागत नाही. मागच्या रांगेला हात दिसतही नसेल.

अंजोर (मंगळवार, रात्री १०:४०)

मला ते पटत नाही. एका आवर्तनाच्या शांततेनंतर सगळे एकदम येतात, ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. "चला" घातलं की शांतता फुटते, आणि मग "चला" एकत्र येत नाही असा नवा प्रश्न उभा राहील. त्यापेक्षा थापा बदला. मुलं केरव्यात चार-चार मोजतात, तीन-तीनच्या अंतराने थाप आली की त्यांचं मोजणं मोडतं.

खंजिरीवाला (मंगळवार, रात्री ११:०५)

तीन-तीनची थाप बाजूले ठेवा मंग. पयल्या मात्रेला एक, पाचव्याले एक, अन् तिसरी "पे"वर. चार-चारचं अंतर होते, लेकराइच्या मोजनीत बसते. पन एक सांगतो ताई, त्यात ओढ नाही राहत. तीन-तीनमधे मानूस समेकडे पडते, चार-चारमधे चालत जाते. मोठ्या मानसाइले मी तीन-तीनच देईन.

ऊर्मी_यवतमाळ (बुधवार, रात्री ९:४५)

आज दोन्ही करून पाहिलं. चार-चारच्या थापांनी आणि तिसऱ्या गटाच्या टाळीने दहापैकी नऊ वेळा "पे" एकत्र आला. तीन-तीनच्या थापांनी, टाळी असूनही, सात वेळा. पण त्या सात वेळा आला तेव्हा मैदानावर जे झालं ते चार-चारमध्ये एकदाही झालं नाही. दिग्रसकर, "चला" पण घेतलं. ते लवकर जमलं, पण स्वयंपाकाच्या ताईंना तीच शेवटची ओळ वाटली, त्या उठून उभ्या राहिल्या.

अजून अकरा दिवस आहेत. या शनिवारपर्यंत तीन-तीनवर सराव घेते. दहापैकी नऊ झाले नाहीत तर चार-चारवर येईन. भाऊ, खंजिरी सातवीतल्या एका मुलीकडे आहे. सहाव्या मात्रेची थाप हलकी आणि समेची जोरात ठेवायची, की तिन्ही सारख्या?